मोजक्या स्पिनांची साखळी आणि शून्य तपमानावरील अवस्थांतर

१९६९ साली 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्स' या नियतकालिकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. एका रेषेत मांडलेल्या स्पिनांवर शेजाऱ्याबरोबरच शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचाही प्रभाव पडत असेल, तर त्या साखळीची तळावस्था कशी असेल, हा त्यांचा प्रश्न होता. अनंत साखळीचे उत्तर हाती नव्हते. म्हणून त्यांनी जास्तीत जास्त आठ स्पिनांच्या साखळ्या घेऊन त्यांचे समीकरण कोणतेही सन्निकटन न करता सोडविले. आठांवरून अनंताचे अनुमान कितपत करता येते, हा प्रश्न या पद्धतीच्या मुळाशीच आहे. आडव्या क्षेत्रातील साखळीचा इतिहास याच प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण तेथे अनंत साखळीचे उत्तर पूर्णपणे ज्ञात आहे, आणि लहान साखळीची साक्ष त्यावर पारखून घेता येते.

या साखळीची कल्पना दोन टप्प्यांनी आली. विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० साली सुचविलेल्या प्रतिमानात प्रत्येक स्पिन 'वर' किंवा 'खाली' एवढ्या दोनच दिशांना असतो, आणि शेजारचे स्पिन एकाच दिशेस असले तर ऊर्जा कमी होते. त्यांचे शिष्य अर्न्स्ट आयझिंग यांनी १९२५ साली दाखविले की, एकाच मितीतील अशा साखळीत शून्याहून अधिक अशा कोणत्याही तपमानास चुंबकीय शिस्त टिकत नाही. उष्णतेने साखळीत एके ठिकाणी खंड पडला की त्यापलीकडचे सर्व स्पिन उलट दिशेस जाऊ शकतात, आणि असा खंड पाडण्यास लागणारी ऊर्जा साखळीच्या लांबीवर अवलंबून नसते. शिस्त उरते ती केवळ निरपेक्ष शून्य तपमानास. त्यामुळे एकमितीय साखळीत अवस्थांतराचा शोध घेण्याजोगे काही उरले नाही, असे दीर्घकाळ वाटत राहिले.

दुसरा टप्पा १९६३ सालचा. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट या स्फटिकात हायड्रोजन-बंधातील प्रोटॉनला बसण्यास दोन जागा असतात, आणि पुंजयामिकीच्या नियमानुसार तो मधली ऊर्जेची भिंत ओलांडून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊ शकतो. पिएर-जिल द झेन यांनी या दोन जागांना स्पिनाच्या दोन दिशा मानले. मग प्रोटॉनचे हे येणे-जाणे म्हणजे स्पिनास सतत उलटविणारे, मूळ दिशेशी काटकोनात असलेले क्षेत्र ठरते. शेजाऱ्यांमधील आकर्षणाचे माप J आणि आडव्या क्षेत्राचे माप h मानल्यास ऊर्जेचे सूत्र पुढीलप्रमाणे होते:

H = −J Σ σᶻᵢ σᶻᵢ₊₁ − h Σ σˣᵢ

या सूत्रातील दोन पदे एकाच वेळी समाधान पावू शकत नाहीत, आणि सर्व प्रश्न त्यातूनच उद्भवतो. h शून्य असता सर्व स्पिन वर किंवा सर्व खाली, अशा समान ऊर्जेच्या दोन तळावस्था असतात. J शून्य असता प्रत्येक स्पिन आडव्या दिशेस वळतो आणि तळावस्था एकच राहते. म्हणजे उष्णतेचा लवलेश नसतानाही केवळ h वाढवीत गेल्याने शिस्त मोडावयास हवी. पिएर फ्यूती यांनी १९७० साली, लीब, शुल्झ व मॅटिस यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या गणिती रीतीच्या आधारे, अनंत साखळीचा प्रश्न पूर्णपणे सोडविला. शिस्त बरोबर h = J येथे मोडते. स्पिन उलटविण्याची किमान ऊर्जा 2|J − h| इतकी असून त्या बिंदूवर ती शून्य होते. आणि h त्या बिंदूकडे जात असता चुंबकन (1 − h²/J²) या राशीच्या एक-अष्टमांश घाताप्रमाणे लोप पावते.

आता हीच साखळी चार स्पिनांची आहे, व तिची टोके जोडून वर्तुळ केले आहे, असे मानू. चार स्पिनांच्या एकूण १६ अवस्था होतात. म्हणून ऊर्जेचा आव्यूह १६ ओळी व १६ स्तंभांचा होतो. त्याचे विकर्णीकरण करावयाचे, म्हणजे कर्णावरील संख्यांखेरीज बाकी सर्व शून्य होतील असा आधार शोधावयाचा. कर्णावर उरलेल्या संख्या याच साखळीच्या ऊर्जा होत. हे काम सममितीने पुष्कळ हलके होते. प्रत्येक स्पिनाची दिशा क्षेत्राच्या अक्षावर मोजली, तर J असलेले पद नेहमी दोन शेजारी स्पिन एकदम उलटविते. त्यामुळे क्षेत्राविरुद्ध असलेल्या स्पिनांची संख्या सम असेल तर ती समच राहते, आणि विषम असेल तर विषमच. शिवाय वर्तुळ फिरविल्याने काहीच बदलत नाही. हे दोन्ही नियम लावले असता सर्वांत खालच्या दोन ऊर्जांसाठी एक चार बाय चारचा आणि एक दोन बाय दोनचा, एवढेच आव्यूह उरतात.

त्यांपैकी विषम गटाचा आव्यूह हातानेच मांडता येतो. त्यात एक स्पिन क्षेत्राविरुद्ध असलेली आणि तीन स्पिन विरुद्ध असलेली, अशा दोनच अवस्था येतात. क्षेत्रामुळे त्यांची ऊर्जा अनुक्रमे −2h आणि +2h होते. एकटा पडलेला स्पिन डावीकडे वा उजवीकडे सरकू शकतो, त्यामुळे दोन्हींत −2J मिळते. आणि एकीतून दुसरीत जाण्याचे मापही −2J हेच आहे. यावरून विषम गटाची किमान ऊर्जा −2J − 2√(h² + J²) अशी येते. सम गटाची किमान ऊर्जा, J = 1 धरल्यास, −2√(2(1 + h²) + 2√(1 + h⁴)) इतकी निघते. h = 1 असता या दोन ऊर्जा −४.८२८ आणि −५.२२६ आहेत, त्यांतील अंतर ०.३९८.

हे अंतर शून्य नाही, याकडे लक्ष द्यावयास हवे. h शून्याहून किंचितही अधिक झाला की चार स्पिनांच्या वर्तुळाची तळावस्था एकच राहते, ती सदैव सम गटातच असते, आणि तिचे सरासरी चुंबकन काटेकोरपणे शून्य असते. कारण 'सर्व वर' आणि 'सर्व खाली' यांचे तीत समान मिश्रण असते. केवळ चुंबकन मोजणारा अभ्यासक या साखळीत शिस्त कधी नव्हतीच, असा निष्कर्ष काढील, आणि तो चुकेल. शिस्तीची खूण अन्यत्र आहे. सर्व वर असलेली साखळी सर्व खाली नेण्यास प्रत्येक स्पिन उलटवावा लागतो. म्हणून क्षेत्र दुर्बळ असता N स्पिनांच्या साखळीतील अंतर साधारणतः h च्या N व्या घाताप्रमाणे असते. स्पिनांची संख्या वाढविली की ते झपाट्याने आटते.

यासाठी एका साखळीवर न थांबता दोन लांबींची तुलना करावी लागते. आठ स्पिनांच्या वर्तुळात २५६ अवस्था असतात. पण वरील दोन सममिती लावल्यावर वीस बाय वीसचा आणि सोळा बाय सोळाचा, असे दोनच आव्यूह उरतात. h = 0.5 येथे चार स्पिनांचे अंतर ०.०३५५ आहे, तर आठांचे ०.००१५. h = 1.5 येथे ते अनुक्रमे १.१५४ आणि १.०१९ आहे, अनंत साखळीचे उत्तर तेथे १ आहे. आता प्रत्येक अंतरास स्पिनांच्या संख्येने गुणले असता चित्र स्वच्छ होते. h = 0.5 येथे हा गुणाकार ०.१४२ वरून ०.०१२ वर उतरतो, h = 1.5 येथे ४.६२ वरून ८.१६ वर चढतो, आणि h = 1 येथे १.५९१ वरून १.५७६ असा जवळजवळ स्थिर राहतो. उतरणे आणि चढणे यांच्या सीमेवरच क्रांतिक बिंदू आहे. h = 1 येथील अंतराचे सूत्र 2 tan(π/4N) असे असल्यामुळे गुणाकार अखेरीस π/2, म्हणजे १.५७१ वर स्थिरावतो. गणनयंत्रावर केलेली आकडेमोड बिनचूक आहे की नाही, हे या सूत्राशी ताडून पाहता येते.

मात्र वर्तुळ न करता साखळीची टोके मोकळी ठेवली, तर त्याच बिंदूवरील गुणाकार चार स्पिनांसाठी २.७८ व आठांसाठी २.९५ येतो, आणि π कडे सावकाश सरकतो. म्हणजे ही संख्या साखळीच्या टोकांवर अवलंबून आहे. क्रांतिक बिंदूची जागा मात्र तशी नाही. वर्तुळ आणि मोकळी साखळी यांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळल्यास चढ-उताराची खूण बिघडते, हे यावरून ध्यानात येईल.

येथे मुंबईच्या निबंधाकडे पुन्हा वळणे उद्बोधक ठरेल. दूरच्या शेजाऱ्याचा प्रतिलोहचुंबकी प्रभाव निकटच्या शेजाऱ्याच्या प्रभावाच्या बरोबर निम्मा असता मजुमदार-घोष साखळीची तळावस्था अगदी साधी होते: स्पिन दोन-दोनच्या जोड्यांनी बांधले जातात, आणि जोड्या लावण्याचे प्रकार दोन असल्यामुळे वर्तुळात समान ऊर्जेच्या दोन तळावस्था मिळतात. आठ स्पिनांच्या वर्तुळात या बिंदूवर तळावस्थेची सममितीच बदलते. भिन्न गटांतील दोन ऊर्जा-रेषा तेथे एकमेकींस छेदून जातात. एवढा ठळक बदल लहान साखळीत दिसला की अवस्थांतर येथेच असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अनंत साखळीचे अवस्थांतर त्या बिंदूवर नाही. ओकामोतो व नोमुरा यांनी १९९२ साली तळावस्थेऐवजी तिच्या वरच्या दोन उत्तेजित अवस्थांचा छेद तपासून ते गुणोत्तर ०.२४११ येथे असल्याचे दाखविले. आणि तेही मोजक्या स्पिनांच्या साखळ्यांवरूनच.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की लहान साखळीच्या साक्षीचे मोल ठरविता येते. एकीत ठळक छेद दिसतो, पण तेथे अवस्थांतर नाही. दुसरीत अवस्थांतर आहे, पण तळावस्था कोणताही छेद न दाखविता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. म्हणून एकाच लांबीच्या साखळीतील तळावस्थेच्या रूपावरून निर्णय करणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे. विश्वास ठेवावयाचा तो, लांबी वाढविली असता ऊर्जेतील अंतरे कोणत्या नियमाने बदलतात, यावर.

२०१० साली रादू कोल्डिया व त्यांचे सहकारी यांनी कोबाल्ट नायोबेटच्या स्फटिकातील कोबाल्टच्या साखळ्यांवर निरपेक्ष शून्याच्या नजीक आडवे क्षेत्र लावून असे अवस्थांतर सुमारे ५.५ टेस्ला येथे पाहिले. स्फटिकातील साखळ्या पूर्णपणे अलग नसून शेजारच्या साखळ्यांचा किंचित प्रभाव त्यांच्यावर असतो, ही मर्यादा तेथे आहे. तरीही त्यांनी शोधले ते ऊर्जेतील अंतरेच, आणि क्रांतिक बिंदूजवळ पहिल्या दोन अंतरांचे गुणोत्तर १.६१८ या सिद्धांताने सांगितलेल्या संख्येकडे जाताना त्यांना आढळले. चार स्पिनांच्या वर्तुळात जी राशी दोन लहान आव्यूहांवरून काढता येते, तीच राशी प्रत्यक्ष स्फटिकातही क्रांतिक बिंदूची साक्ष देते.