शब्दवेध : हमाल आणि तहम्मुल

दुबईतल्या मोटारविम्याच्या दावा-अर्जाच्या फोटोतला मजकूर अरबीत उतरवताना ‘डिडक्टिबल’पाशी थांबावं लागतं. शब्दशः ‘काबिल लिल्-खस्म’ लिहिलं, तर ‘वजा करता येण्याजोगं’ एवढंच कळतं. भार कोणावर, ते कळत नाही. विमापत्रातला रूढ शब्द आहे ‘मब्लग अत्-तहम्मुल’, म्हणजे सोसायची रक्कम. दुरुस्ती ५००० दिरहमची आणि तहम्मुल १००० असेल, तर कंपनी ४००० देते. याच ‘ह-म-ल’ धातूतून ओझं वाहणारा आपला ‘हमाल’ आला. अर्जाच्या शेवटच्या प्रतिज्ञेतलं ‘उकिर्रु’, म्हणजे ‘मी कबूल करतो’, हे आपल्या ‘करार’चं सगोत्र. आकडे मात्र मूळ फोटोशी ताडून पाहावेत : अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य नुसता ठिपका असतो.