बदली सुट्टी आणि अतिकालिक भत्ता

मासिक पगारावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले, तर त्याचा मोबदला दोन प्रकारे दिला जातो. एक म्हणजे बदली सुट्टी (भरपाई रजा, बोलीभाषेत ‘कॉम्प-ऑफ’) आणि दुसरा म्हणजे अतिकालिक भत्ता (बोलीभाषेत ‘ओव्हरटाइम’). हे दोन्ही एकमेकांचे पर्याय आहेत, असा समज कार्यालयांतून सर्रास आढळतो. भारतीय कामगार कायद्यांत मात्र त्यांचे हेतू वेगवेगळे आहेत. बदली सुट्टी ही बुडालेल्या विश्रांतीची भरपाई असते, तर अतिकालिक भत्ता हे ठरलेल्या मर्यादेपलीकडे केलेल्या तासांचे वेतन असते. त्यामुळे एक दिल्याने दुसरे आपोआप फिटत नाही. ते फिटले की नाही, हे सुट्टी कधी दिली यावर अवलंबून असते.

कायद्यातील आधार

या विषयाची मूळ चौकट कारखाने अधिनियम, १९४८ या कायद्याने घालून दिली. त्याच्या कलम ५१ नुसार प्रौढ कामगाराच्या कामाचे तास आठवड्याला ४८ पेक्षा अधिक असू शकत नाहीत. कलम ५२ नुसार आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा असतो. त्या दिवशी काम घ्यायचे असल्यास, त्याच्या लगतच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांपैकी एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते आणि तशी सूचना निरीक्षकाकडे पाठवून कारखान्यातही लावावी लागते. अशा अदलाबदलीमुळे सलग दहा दिवसांहून अधिक काळ सुट्टीविना काम घडता कामा नये. कारखान्यास साप्ताहिक सुट्टीच्या नियमातून सूट मिळालेली असेल, तर कलम ५३ लागू होते. त्यानुसार बुडालेल्या सुट्ट्या त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत तितक्याच संख्येने द्याव्या लागतात.

कलम ५९ ची रचना स्वतंत्र आहे. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम झाल्यास वाढीव तासांसाठी सामान्य दराच्या दुप्पट वेतन देणे, एवढेच ते सांगते. त्या तासांबद्दल पुढे कधीतरी सुट्टी दिली म्हणून दुप्पट वेतन माफ होईल, अशी तरतूद त्यात नाही.

आठवडा कधी सुरू होतो?

बहुतेक वाद या साध्या प्रश्नावर येऊन थांबतात. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवार हा त्याचा शेवट असतो. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येनुसार मात्र आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो (दुसरी एखादी रात्र मंजूर करून घेतली असल्यास गोष्ट वेगळी). म्हणजे रविवार हा गेलेल्या आठवड्याचा शेवट नसून येणाऱ्या आठवड्याचा आरंभ आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कारखान्याच्या भांडार विभागातील एका लिपिकाचे मासिक वेतन ३१,२०० रुपये आहे. तो सोमवार ते शनिवार रोज आठ तास काम करतो. मालाच्या मोजणीसाठी त्याला एका रविवारी आठ तास बोलावले जाते.

त्याला रविवारनंतरच्या मंगळवारी सुट्टी दिली, तर रविवार ते शनिवार या आठवड्यात त्याचे कामाचे दिवस सहाच राहतात आणि तास ४८ भरतात. येथे अतिकालिक भत्ता देय होत नाही. बदली सुट्टीने हिशेब पुरा होतो.

तीच सुट्टी रविवारच्या आधीच्या शुक्रवारी दिली, तरी ती तीन दिवसांच्या मर्यादेत बसते आणि नियमभंग होत नाही. तो शुक्रवार मागील आठवड्यात मोडतो, पण कलम ५२ नुसार अशा वेळी तासांच्या हिशेबासाठी तो रविवारही मागील आठवड्यातच धरला जातो. त्यामुळे दोन्ही आठवड्यांत तास ४८ च भरतात. येथेही अतिकालिक भत्ता देय होत नाही. तो देय झालाच, तर त्याचा हिशेब असा: ३१,२०० रुपयांना २६ ने भागल्यास दिवसाचे १,२०० आणि तासाचे १५० रुपये येतात. दुप्पट दर ३०० रुपये, म्हणून आठ तासांचे २,४०० रुपये होतात.

तिसरा प्रकार व्यवहारात अधिक दिसतो, तो म्हणजे ‘सवडीने केव्हातरी घ्या’ असे सांगून सुट्टी केवळ खात्यावर जमा करणे. कारखान्यास सूट नसेल तर येथे कलम ५२ चाही भंग होतो आणि आठ तासांचे २,४०० रुपयेही देय राहतात. महिन्याभराने मिळालेली सुट्टी त्या आठवड्यातील ५६ तासांचे ४८ करू शकत नाही.

हिशेबात भागाकाराचा आकडाही तपासण्याजोगा असतो. मासिक वेतन २६ ने भागण्याची पद्धत रूढ आहे, कारण महिन्यातील चार साप्ताहिक सुट्ट्या वगळता साधारण तितकेच कामाचे दिवस उरतात. उपदान (ग्रॅच्युइटी) काढतानाही हाच आकडा वापरतात. ३० ने भागल्यास तासाचा दर १३० रुपयांवर येतो आणि वरील उदाहरणात कर्मचाऱ्याचे ३२० रुपयांचे नुकसान होते. केवळ मूळ वेतन धरून दर काढणे, ही दुसरी नेहमीची चूक. कलम ५९ च्या व्याख्येत भत्ते समाविष्ट आहेत. बोनस आणि अतिकालिक वेतन तेवढे वगळलेले आहे.

पाच दिवसांचा आठवडा

शनिवार-रविवार बंद असणाऱ्या कार्यालयांत चित्र बदलते. महाराष्ट्रात अशी कार्यालये महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ खाली येतात. या अधिनियमाच्या मूळ मजकुरातही मर्यादा दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांचीच होती. रोज आठ तासांप्रमाणे पाच दिवसांचे ४० तास होतात. शनिवारी आणखी आठ तास काम केले तरी बेरीज ४८ च होते आणि कायद्याने दुप्पट वेतनाचा हक्क उत्पन्न होत नाही. त्या शनिवारचा मोबदला नियुक्तिपत्रात किंवा कंपनीच्या रजा-नियमांत जे लिहिले असेल त्यावरच ठरतो. पाठोपाठ रविवारीही बोलावले, तर मात्र मर्यादा ओलांडली जाते आणि साप्ताहिक सुट्टीही बुडते.

कोणाला हक्क नाही

पगार मासिक आहे एवढ्यावरून कोणी अतिकालिक भत्त्यास अपात्र ठरत नाही. हक्क कामाच्या स्वरूपावर ठरतो. २०१७ च्या अधिनियमात शारीरिक, तांत्रिक, कार्यात्मक व कारकुनी काम करणारे ‘कामगार’ ठरतात, तर गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदावरील व्यक्ती वगळल्या आहेत. म्हणून ‘असिस्टंट मॅनेजर’, ‘एक्झिक्युटिव्ह’ अशी भारदस्त पदनामे देण्याकडे कल दिसतो. पण न्यायालये पदनामापेक्षा मुख्य कर्तव्ये पाहतात. एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू कंपनी (१९९४) या औद्योगिक विवाद अधिनियमाखालील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. दुकानाच्या प्रभारीची प्रत्यक्ष कर्तव्ये व्यवस्थापकीय आढळल्याने तेथे निकाल कर्मचाऱ्याविरुद्ध गेला, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे.

वगळलेल्या वर्गासाठी ‘कॉम्प-ऑफ’ हा कायद्याचा नव्हे, कराराचा विषय असतो. ३० किंवा ६० दिवसांत न घेतल्यास ती रद्द होईल, असे कलम अशा नियमांत पुष्कळदा असते. बोलावणे लेखी आले होते का आणि हजेरीपटात तो दिवस नोंदला गेला का, यांवर अशा वेळी सारे अवलंबून राहते.

नवीन संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० अमलात आली व कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम न घेण्याचा नियम, सूट असल्यास दोन महिन्यांच्या आत भरपाई सुट्टी आणि दुप्पट दर या गोष्टी तिच्या कलम २६ व २७ मध्ये आहेत. अतिकालिक काम कामगाराच्या संमतीनेच घ्यावे, ही अट कलम २७ मध्ये घातलेली आहे. तास दिवसाच्या की आठवड्याच्या हिशेबाने मोजायचे, हे कामगारास जे अधिक लाभदायक असेल त्याप्रमाणे ठरते. दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येबाहेर आहेत.