तासाची साठ मिनिटे : आधी गणितात, मग घड्याळात

वेळेची बेरीज शिकवताना एक चूक हमखास भेटते. २ तास ४५ मिनिटे आणि १ तास ३० मिनिटे ही बेरीज मुले २.४५ + १.३० अशी मांडतात आणि उत्तर लिहितात ३.७५ तास. बरोबर उत्तर आहे ४ तास १५ मिनिटे. येथे हातचा साठाला घ्यायचा, असे आपण सांगतो. मुले ते पाठ करतात आणि पुढच्या परीक्षेत तीच चूक पुन्हा होते. पण हातचा साठालाच का? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर आपण सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये जाऊन पोहोचतो.

बॅबिलोनियन लोकांनी तासाची साठ मिनिटे पाडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तसे खरे नाही. त्यांच्याकडे आपला तासही नव्हता आणि मिनिटही नव्हते. त्यांनी जगाला दिली ती संख्या लिहिण्याची एक पद्धत.

ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने दाबून ते अंक उमटवीत. खुणा दोनच होत्या. उभी पाचर म्हणजे एक आणि कोनासारखी खूण म्हणजे दहा. या दोन खुणांनी ५९ पर्यंतच्या संख्या लिहीत. साठ आले की डावीकडच्या स्थानात पुन्हा एकाची पाचर. आपण दहा झाले की डावीकडे सरकतो, ते साठ झाले की सरकत. ‘१ १५’ याचा अर्थ ६० अधिक १५, म्हणजे ७५. हेच स्थानमूल्य ते उजवीकडे, अपूर्णांकांसाठीही वापरीत. त्यामुळे ‘१ १५’ म्हणजे एक आणि पंधरा साठांश, अर्थात सव्वाही होऊ शकत असे. दशांशचिन्हासारखी खूण नव्हती, जुन्या काळी शून्याचीही नव्हती. नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागे आणि त्यात घोटाळा होण्याचा धोका असे.

तरीही ही पद्धत टिकली, कारण तिच्यात भागाकार फार सोपा होतो. दहाला २ आणि ५ यांनीच नि:शेष भाग जातो. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० यांनी जातो. बॅबिलोनियातील मुले एक कोष्टक पाठ करीत. त्यात दोनासमोर ३०, तिनासमोर २०, चारासमोर १५, आठासमोर ‘७ ३०’ आणि नवासमोर ‘६ ४०’ असे लिहिलेले असे. हे त्या त्या संख्येचे व्यस्त, साठांशांत मांडलेले. आठाने भागायचे असेल तर कोष्टकातील ‘७ ३०’ ने गुणायचे, की झाले. आपल्या घड्याळावरच करून पाहू या. ३ तासांचे ८ समान भाग करायचे आहेत. तासाचा आठवा भाग ७ मिनिटे ३० सेकंद. त्याची तिप्पट २२ मिनिटे ३० सेकंद. संपले गणित!

या कोष्टकात सहानंतर एकदम आठ येतो. सात गाळलेला असतो. एका तासाला सातने भागून पाहा. ८ मिनिटे, ३४ सेकंद, मग सेकंदाचे १७ साठांश, आणि पुन्हा ८, ३४, १७ असे चक्र सुरू होते. दशमान पद्धतीत तिनाने भागताना जे होते, तेच येथे साताने भागताना होते.

हेच अंक पुढे आकाशाच्या मोजमापाला लागले. बॅबिलोनियन ज्योतिषी दिवस-रात्र मिळून १२ ‘बेरू’ मानीत आणि प्रत्येक बेरूचे ३० ‘उश’ करीत. म्हणजे पूर्ण दिवसाचे ३६० उश झाले. एक उश म्हणजे आपली ४ मिनिटे. तेवढ्या वेळात आकाश जितके फिरलेले दिसते, तो आपला एक अंश. काळाचे आणि कोनाचे माप येथे एकच होते. वर्तुळाचे ३६० अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ग्रीकांकडे पोहोचले. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या ‘अल्माजेस्ट’ ग्रंथात अंशाचे साठांश आणि त्या साठांशांचे साठांश वापरून मोठमोठी कोष्टके केली.

भारतातील सिद्धान्तग्रंथांतही तीच रीत दिसते. ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश. काळासाठी मात्र येथे सबंध अहोरात्राचेच साठ भाग केले, त्या घटिका. घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. म्हणून आपली घटका २४ मिनिटांची. पंचांगात घटी-पळे वाचणारा वाचक साठाचे स्थानमूल्यच वाचत असतो.

तास आला तो दुसऱ्या वाटेने. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करण्याची पद्धत इजिप्तची. हे भाग ऋतूप्रमाणे लहानमोठे होत. ज्योतिष्यांनी आपल्या गणितासाठी २४ सारखे तास घेतले. कोनाचे साठांश त्यांच्या हाताखालचेच होते, तेव्हा तेच पुढे तासालाही लावले गेले. इ. स. १००० च्या सुमारास अल्‌ बेरूनीने अमावास्यांच्या वेळा तास आणि त्याचे साठांश, त्यांचेही साठांश अशा दिल्या आहेत. लॅटिनमध्ये पहिल्या साठांशाला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिला लहान भाग, आणि त्याच्या साठांशाला ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे दुसरा लहान भाग म्हणत. पहिल्या नावातून ‘मिनिट’ आले, दुसऱ्यातून ‘सेकंद’.

गंमत अशी, की ही मिनिटे दाखवणारे घड्याळ तेव्हा नव्हतेच. युरोपात चौदाव्या शतकात मनोऱ्यांवर बसवलेल्या यांत्रिक घड्याळांना बहुधा तासाचा एकच काटा असे. दिवसाला पाव तास इकडेतिकडे होणाऱ्या यंत्राला मिनिटकाटा लावून उपयोग काय? सोळाव्या शतकात काही घड्याळांना तो लागला, पण विश्वासाने मिनिट वाचता येऊ लागले ते ख्रिस्तियान हायगेन्सच्या लंबकाच्या घड्याळानंतर. ते त्याने १६५६ मध्ये तयार केले. त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. म्हणजे मिनिट शतकानुशतके गणितात नांदत होते आणि घड्याळ फार उशिरा त्याच्यापर्यंत पोहोचले.

फ्रान्सने १७९३ मध्ये दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद केले. मीटर टिकला, पण ही सक्ती १७९५ मध्येच मागे घ्यावी लागली. घरोघरची घड्याळे आणि खगोलाची कोष्टके साठांतच होती.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. ३.७५ लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो. त्याला शिकवलेला स्थानमूल्याचा नियम तो इमानाने पाळत असतो. अडचण आपल्या लेखनात आहे. ४५ हा आकडा आपण दशमान अंकांनी लिहितो, पण तास आणि मिनिट यांच्यामधले नाते साठाचे ठेवतो. म्हणून वेळ लिहिताना मध्ये दशांशचिन्ह देऊ नये. ‘तास’ आणि ‘मिनिटे’ असे दोन रकाने आखावेत, मिनिटांच्या रकान्यात ५९ हा सर्वांत मोठा अंक आहे असे सांगावे आणि मुलांना ४५ व ३० मिळवू द्यावेत. ७५ त्या रकान्यात मावत नाहीत, हे मग त्यांचे त्यांनाच दिसते. बॅबिलोनियातील मुलगाही ते ‘१ १५’ असेच लिहीत असे.