माध्यम विषयातील शोधप्रबंधाची मौखिक परीक्षा : परीक्षक काय विचारतात?

वृत्तपत्रांवरील शोधप्रबंधात आशय विश्लेषण ही पद्धत नेहमी वापरली जाते. ठरावीक अंकांतील बातम्या निवडून त्यांचे निकषांनुसार वर्गीकरण करायचे, अशी ही पद्धत. मौखिक परीक्षेत, म्हणजेच व्हायवात, परीक्षकांचे प्रश्न बहुतेक वेळा अंकांची निवड, वर्गीकरणाची विश्वासार्हता आणि संशोधनाचे योगदान यांभोवती फिरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मराठी दैनिकाचे वर्षातील १४ अंक निवडून त्यांतील शेतीविषयक १०० बातम्या तपासल्या. प्रश्न असा होता : बातमीत शेतकऱ्याचे स्वतःचे म्हणणे आहे का?

हेच १४ अंक का?
सलग दोन आठवडे घेतले आणि त्याच काळात आंदोलन झाले, तर सगळा नमुना त्याच रंगात रंगतो. म्हणून वर्षभरातून चिठ्ठ्या टाकून दोन सोमवार, दोन मंगळवार असे दिवस निवडतात. याला रचित आठवडा म्हणतात. वर्षभराच्या दैनिकासाठी असे दोन आठवडे पुरतात, हे रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ मध्ये दाखवले. मात्र क्वचित येणाऱ्या विषयांना एवढे अंक पुरतीलच असे नाही. ही मर्यादा विद्यार्थ्याने स्वतःहून सांगावी.

वर्गीकरण विश्वासार्ह आहे का?
दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे बातम्या तपासल्या आणि ८६ बातम्यांवर त्यांचे एकमत झाले. आकडा चांगला दिसतो. पण दोघांनीही ९० बातम्यांना ‘नाही’ म्हटले असेल, तर निव्वळ योगायोगानेही ८२ टक्के एकमत होते. योगायोग वगळून एकमत मोजणारा कोहेनचा कप्पा येथे (८६ − ८२) ÷ (१०० − ८२), म्हणजे जेमतेम ०.२२ येतो. दोघांनीही ‘होय’ म्हटलेल्या बातम्या फक्त ३ आहेत.

परीक्षेपूर्वी मतभेदाच्या १४ बातम्या पुन्हा वाचाव्यात. शेतकरी संघटनेच्या नेत्याचे विधान एकाने शेतकऱ्याचे मानले आणि दुसऱ्याने मानले नाही, असे कारण सापडू शकते. म्हणजे दोष व्याख्येत होता. प्रबंध सादर झालेला असल्याने आकडा झाकू नये. कारण सांगावे आणि नव्या व्याख्येनुसार पुनर्तपासणी केली असल्यास तिचा निकाल सोबत न्यावा.

यात नवीन काय?
‘या दैनिकावर आधी कोणी काम केले नव्हते’ हे उत्तर अपुरे आहे, कारण त्यातून फक्त रिकामी जागा दिसते. आधीच्या कोणत्या समजुतीत भर पडली, ते सांगावे. उदाहरणार्थ : ‘शेतीला जागा मिळत नाही, असे म्हटले जाते. या नमुन्यात जागा मिळालेली दिसते, पण बोलणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात.’

यावर पुढचा प्रश्न ठरलेला : ‘याचा वाचकांवर काय परिणाम झाला?’ आशय विश्लेषणातून ते कळत नाही, त्यासाठी वाचकांचे सर्वेक्षण किंवा मुलाखती लागतात. येथे अंदाज बांधू नये, एवढेच स्पष्ट सांगावे.