गुंठा, आर आणि आणा : जुन्या जमीन-दप्तरांतील क्षेत्रवाचन

जुन्या सातबारा उताऱ्यावरील क्षेत्राचे आकडे नव्या उताऱ्याशी ताडून पाहू लागले की वाचकाची प्रथम गणितात नव्हे, भाषेत फसगत होते. आकडे तेच दिसतात, शब्दही ओळखीचे असतात. परंतु मधल्या काळात शब्दांचा अर्थ आणि आकड्यांची मांडणी ही दोन्ही पालटलेली असतात. प्रस्तुत लेखात या पालटाचा विचार मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातील दप्तरांच्या आधारे केला आहे.

इंग्रजपूर्व काळी येथील जमीन बिघ्यांत मोजली जात असे. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर असे हे कोष्टक होते. काठीची लांबी मात्र हातांनी व मुठींनी ठरत असल्यामुळे ती प्रदेशपरत्वे बदले. यास्तव इनामपत्रातील बिघ्याला एखादा ठराविक गुणक लावून एकर काढणे धोक्याचे होय. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून ज्या मोजणीपद्धतीचा पाया घातला, तिच्यामुळे एकर आणि गुंठा ही मापे इलाख्यात स्थिरावली.

या मोजणीतील मूळ साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा समान भाग केलेले असत व प्रत्येक भागास 'आणा' म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. आणि गुंठ्याचा सोळावा हिस्सा तो क्षेत्राचा आणा. म्हणून जुन्या कागदातील '१-२०' हा आकडा एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, असा वाचावयाचा असतो. दशांशाची सवय जडलेला वाचक तो १.२० एकर असा वाचतो आणि बारा गुंठे जमीन नकळत गमावून बसतो.

१९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली व पुढे जमीन-दप्तरांतही एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. येथे एका योगायोगाने मोठा घोटाळा केला. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, त्यामुळे एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा भरतो. तो आराहून शेकडा सव्वा टक्क्यापेक्षाही कमीच मोठा आहे. एवढ्या जवळिकीमुळे लोकव्यवहाराने 'आर' हा नवा शब्द स्वीकारलाच नाही. कागदावर 'आर' लिहिलेले असते आणि बोलताना त्यालाच 'गुंठा' म्हणतात. जुने माप गेले, पण त्याचे नाव नव्या मापाला चिकटले. नाण्यांच्या बाबतीतही भाषेने असेच केलेले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ते केवळ स्पष्टीकरणार्थ रचलेले आहे. एका गटाच्या जुन्या नोंदीत लागवडीयोग्य क्षेत्र ३-३८, पोटखराब ०-०९ व एकूण ४-०७ असे आकडे आहेत. ३८ आणि ९ यांची बेरीज ४७. त्यांतून ४० गुंठ्यांचा एक एकर हाताशी घेऊन ७ उरले. म्हणजे ही बेरीजच मापाची साक्ष देते : हातचा चाळिसावर घेतला असेल तर नोंद एकर-गुंठ्यांची, शंभरावर घेतला असेल तर हेक्टर-आरांची. दुसरीही खूण आहे. एकर-गुंठ्यांच्या नोंदीत गुंठ्यांचा आकडा ३९ च्या पुढे जाऊच शकत नाही. तेथे ४० किंवा अधिक दिसल्यास ते आर समजावेत. मात्र आकडा ३९ च्या आत असेल तर ही खूण उपयोगी पडत नाही. अशा वेळी शेजारचा आकाराचा रकाना पाहावा. आकारणी नव्याने झालेली नसेल आणि हिस्सेही पडलेले नसतील, तर मापे बदलली तरी आकार बदलत नाही. फक्त त्यातील आणे-पै जाऊन १९५७ नंतरचे नवे पैसे येतात.

४-०७ चे एकंदर १६७ गुंठे. त्यांस १.०११७१४ ने गुणले असता १६८.९६ आर येतात, म्हणून नव्या उताऱ्यावर १.६८.९६ असे क्षेत्र दिसेल : एक हेक्टर, अडुसष्ट आर, शहाण्णव चौरस मीटर. घरात हेच 'एकशे एकोणसत्तर गुंठे' म्हणून सांगितले जाते. आजोबांच्या कागदात १६७ आणि नातवाच्या तोंडी १६९, असे झाले म्हणजे दोन गुंठे कोठून आले, शेजाऱ्याच्या बांधातून तर नव्हेत, अशी शंका उत्पन्न होते. वस्तुतः बांध तसूभरही हललेला नसतो. उलट दिशेने मात्र खरे नुकसान संभवते. 'चाळीस गुंठे' ठरवून खरेदीखतात ४० आर लिहिले, तर घेणाऱ्याला पुऱ्या एकरापेक्षा सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशेच्या वर चौरस फूट जागा कमी मिळते.

याच गटात एका भावाच्या नावापुढे '४ आणे' लिहिले आहे असे समजू. हा आणा साखळीचाही नव्हे आणि क्षेत्राचाही नव्हे. तो हिश्शाचा आहे. संपूर्ण मालकी सोळा आणे धरली की चार आणे म्हणजे चतुर्थांश. १६७ चा चतुर्थांश पावणेबेचाळीस गुंठे. म्हणजे १ एकर १ गुंठा १२ आणे. या शेवटच्या उत्तरातील आणे पुन्हा क्षेत्राचे आहेत. एकाच ओळीत हिश्शाचा, क्षेत्राचा आणि आकाराच्या रुपयाचा असे तीन आणे नांदू शकतात. 'सोळावा भाग' एवढाच या शब्दाचा स्थिर अर्थ आहे. तो कशाचा सोळावा भाग, हे रकान्याच्या शीर्षकावरून ठरवावे लागते.

तोच चतुर्थांश नव्या मापात ४२.२४ आर होतो. चौमीटरांपर्यंत नोंद केली तर चारही हिस्से मिळून १६८.९६ बरोबर जुळतात. पण प्रत्येकाचे नुसते ४२ आर लिहिले, तर बेरीज १६८ येते आणि जवळजवळ एक आर कागदावरून नाहीसा होतो. यास्तव प्रथम एकूण क्षेत्राचे रूपांतर करावे, मग हिस्से पाडावेत, आणि अपूर्णांक अगदी शेवटी सोडावेत.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा शेतीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असे, तर बिनशेतीचे आर-चौरस मीटर असे दाखवण्याचे ठरले. म्हणजे बिनशेती उताऱ्यावरील १२.५० हे साडेबारा हेक्टर नसून १,२५० चौरस मीटर होत. संशय उरल्यास रूपांतरित आकड्यावर न विसंबता भूमि-अभिलेख कार्यालयातील आकारबंद व मूळ मोजणीचे गुणाकार बुक पाहावे. कारण क्षेत्र ज्या मापात प्रथम मोजले गेले, त्याच मापातील नोंद तेथे सापडण्याचा संभव असतो.