बीअर–लँबर्ट नियमापासूनचे विचलन

बीअर–लँबर्ट नियमापासूनचे विचलन म्हणजे द्रावणाची संहती वाढत जाताना त्याची मोजलेली शोषकता संहतीच्या प्रमाणात न वाढणे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर केलेल्या प्रयोगात शोषकता आणि संहती यांचा आलेख सुरुवातीला सरळ रेषेत जातो. संहती जास्त झाली की तो बहुधा संहतीच्या अक्षाकडे झुकतो. या झुकण्याची कारणे काही वेळा द्रावणात असतात, तर बऱ्याच वेळा उपकरणात असतात. दोन्ही प्रकारांत आलेखाचा आकार सारखाच दिसत असल्यामुळे केवळ वक्र पाहून कारण ठरवता येत नाही. त्यासाठी प्रकाशाच्या मार्गाची लांबी बदलून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी आहे.

## नियम आणि त्याची गृहीतके

प्रकाश माध्यमातून जाताना कसा क्षीण होतो, याचे नियम पिएर बूगे (१७२९) आणि योहान हाइन्रिख लँबर्ट (१७६०) यांनी मांडले. आउगुस्ट बीअर यांनी १८५२ मध्ये रंगीत द्रावणांतील शोषणाचा संबंध संहतीशी जोडला. आज हा नियम पुढीलप्रमाणे लिहितात:

A = εcl

येथे A ही शोषकता, ε हा पदार्थाचा मोलर शोषणांक, c ही संहती आणि l ही द्रावणातील प्रकाशमार्गाची लांबी आहे. द्रावणातून पार होणारा प्रकाशाचा अंश, म्हणजेच पारगम्यता, T असेल, तर A = −log T. शोषकता १ असताना १० टक्के प्रकाश पार होतो, २ असताना १ टक्का आणि ३ असताना फक्त ०.१ टक्का.

हा नियम तीन गोष्टी गृहीत धरतो. प्रकाश एकाच तरंगलांबीचा आहे, संसूचकावर पडणारा सर्व प्रकाश द्रावणातूनच आलेला आहे, आणि शोषण करणारे कण एकमेकांवर परिणाम करत नाहीत. पहिली दोन गृहीतके उपकरणाशी संबंधित आहेत, तर तिसरे द्रावणाशी. यांपैकी कोणतेही गृहीतक मोडले की आलेख वाकतो.

## भटका प्रकाश

उपकरणात निवडलेल्या तरंगलांबीखेरीज थोडा अन्य प्रकाशही संसूचकापर्यंत पोहोचतो. जाळीवरून व आरशांवरून होणारे विखुरण, उपकरणातील धूळ आणि क्युव्हेटच्या कप्प्याचे नीट न बसलेले झाकण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यास भटका प्रकाश म्हणतात. नमुन्याने तो शोषला नाही आणि त्याचा अंश s असेल, तर दिसणारी शोषकता अशी येते:

A' = −log[(T + s)/(1 + s)]

द्रावण विरल असताना T मोठी असते आणि s चा परिणाम जाणवत नाही. द्रावण गडद झाले की T लहान होत जाते, पण s तेवढाच राहतो. s ०.५ टक्का असेल, तर शोषकता कितीही वाढली तरी उपकरण सुमारे २.३ च्या वर आकडा दाखवू शकत नाही. आलेखाचा वरचा भाग हळूहळू सपाट होणे ही भटक्या प्रकाशाची ओळख आहे.

## गणित करून पाहिलेले उदाहरण

पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण ५२५ नॅनोमीटरला मोजले जात आहे, मोलर शोषणांक २४०० लिटर/मोल·सेंमी आहे, क्युव्हेट १ सेंमीची आहे आणि भटका प्रकाश ०.५ टक्का आहे असे मानल्यास वरील सूत्राने पुढील आकडे मिळतात.

| संहती (मिलिमोल/लिटर) | खरी शोषकता | दिसणारी शोषकता |
|---|---|---|
| ०.१ | ०.२४० | ०.२३८ |
| ०.२ | ०.४८० | ०.४७६ |
| ०.४ | ०.९६० | ०.९४३ |
| ०.६ | १.४४० | १.३८६ |
| ०.८ | १.९२० | १.७७१ |

या पाचही बिंदूंमधून सर्वोत्तम सरळ रेषा काढली, तर R² चे मूल्य ०.९९८ येते. अनेक अहवालांत एवढ्यावरच आलेख रेषीय असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात या रेषेचा चढ मिलिमोल/लिटरमागे २.४० ऐवजी २.२० झालेला असतो. शिवाय संहती शून्य असतानाही रेषा ०.०३७ एवढी शोषकता दाखवते.

याचा परिणाम विरल नमुन्यांवर सर्वाधिक होतो. ०.०५ मिलिमोल/लिटर संहतीच्या नमुन्याची दिसणारी शोषकता ०.११९ असते. या रेषेवरून काढलेली संहती सुमारे ०.०३७ येते, म्हणजे खऱ्या मूल्यापेक्षा जवळजवळ २५ टक्के कमी. दोष गडद द्रावणांच्या मोजणीत असतो, पण चुकीचे उत्तर विरल नमुन्याला मिळते.

R² ने लपवलेला हा वक्र शेषांवरून उघड होतो. प्रत्येक बिंदूची मोजलेली शोषकता वजा रेषेवरील शोषकता म्हणजे शेष. वरील पाच बिंदूंचे शेष अनुक्रमे −०.०२०, −०.००२, +०.०२४, +०.०२७ आणि −०.०२९ आहेत. मोजणीतील चुका निव्वळ योगायोगाच्या असत्या, तर ऋण आणि धन चिन्हे विस्कळीतपणे आली असती. येथे दोन्ही टोकांना ऋण आणि मध्ये धन शेष आहेत. अशी कमान दिसली की संबंध वक्र असल्याचे समजावे.

## एकाहून अधिक तरंगलांब्यांचा प्रकाश

उपकरणातून निघणारा प्रकाश काटेकोरपणे एकाच तरंगलांबीचा नसतो. तो एका लहान पट्ट्यात पसरलेला असतो. पट्ट्यातील काही तरंगलांब्या द्रावण अधिक शोषते, तर काही कमी. द्रावण गडद होते तसा अधिक शोषला जाणारा भाग लवकर संपतो आणि पार होणाऱ्या प्रकाशात कमी शोषल्या जाणाऱ्या भागाचा वाटा वाढत जातो.

समजा, निम्म्या प्रकाशासाठी शोषकता २ आणि उरलेल्या निम्म्यासाठी १ आहे. दोन्हींची सरासरी १.५ होते. परंतु संसूचक शोषकतांची नव्हे, तर प्रकाशाची बेरीज करतो. पार झालेला प्रकाश (०.०१ + ०.१०)/२ = ०.०५५ असल्यामुळे दिसणारी शोषकता १.२६ येते. हेच द्रावण दहापट विरल केले, तर ०.१५० च्या जागी ०.१४७ दिसते आणि फरक नगण्य राहतो.

म्हणूनच मोजणी शोषण शिखराच्या माथ्यावर करतात, कारण तेथे लगतच्या तरंगलांब्यांचा शोषणांक फारसा बदलत नाही. परमँगनेटच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. त्याच्या वर्णपटात ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरे असून त्यांच्या मध्ये खाच आहे. पट्टा रुंद असेल, तर शिखर आणि खाच एकाच वेळी मोजली जातात.

## द्रावणातील कारणे

काही पदार्थांचे रेणू संहती वाढल्यावर एकमेकांशी जोडले जातात. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे सुटे रेणू पाण्यात ६६४ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक शोषण करतात, तर दोन रेणूंच्या जोडीचे शिखर ६१० नॅनोमीटरच्या आसपास असते. संहती वाढली की सुट्या रेणूंचे प्रमाण घटते. त्यामुळे ६६४ नॅनोमीटरला शोषकता अपेक्षेपेक्षा कमी येते आणि ६१० च्या आसपास ती अपेक्षेपेक्षा जास्त येते. येथे बीअर–लँबर्ट नियम प्रत्येक घटकाला लागू असतोच. फक्त मोजलेली एकूण संहती ही एकाच घटकाची नसते.

द्रावणाचा अपवर्तनांक संहतीनुसार बदलल्यानेही मोलर शोषणांक किंचित बदलतो. मात्र हा परिणाम साधारणपणे ०.०१ मोल/लिटरच्या खाली दुर्लक्ष करण्याजोगा असतो. परमँगनेटच्या वरील उदाहरणातील सर्वांत गडद द्रावण या मर्यादेच्या बारापटीहून अधिक विरल आहे. त्यामुळे तेथील वक्रासाठी अपवर्तनांकाला जबाबदार धरणे चूक ठरते, तरी "संहती जास्त झाल्याने रेणूंमधील आंतरक्रिया वाढल्या" हे वाक्य अहवालांत वारंवार आढळते.

## कारण ओळखण्याच्या चाचण्या

उपकरणातील दोष शोषकतेवर अवलंबून असतात, तर द्रावणातील बदल संहतीवर अवलंबून असतात. हा फरक प्रयोगाने पाहता येतो. गडद द्रावण विरल न करता १ सेंमीऐवजी १ मिलिमीटर प्रकाशमार्गाच्या क्युव्हेटमध्ये मोजावे. संहती तीच राहते, पण शोषकता दहाव्या भागावर येते.

वरील उदाहरणातील ०.८ मिलिमोल/लिटरचे द्रावण १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१९१ शोषकता दाखवेल. तिची दहापट १.९१ असून ती १.९२ या अपेक्षित मूल्याच्या अगदी जवळ आहे. म्हणजे द्रावण नियम पाळत होते आणि १.७७१ हा आकडा उपकरणामुळे आला होता. मिथिलीन ब्लूच्या गडद द्रावणात मात्र अरुंद क्युव्हेटमध्येही विचलन कायम राहते, कारण जोडलेले रेणू क्युव्हेट बदलल्याने सुटे होत नाहीत. या चाचणीत लहान क्युव्हेटची लांबी अचूक माहीत असावी लागते. १ मिलिमीटरमधील ०.०५ मिलिमीटरची चूक उत्तरात ५ टक्क्यांची चूक आणते.

दोष उपकरणात असल्याचे ठरल्यावर झिरीची रुंदी कमी करून पुन्हा मोजणी करतात. शोषकता लक्षणीय वाढली, तर प्रकाशपट्टा रुंद असल्याचे समजते. ती तशीच राहिली, तर भटक्या प्रकाशाची शक्यता अधिक असते. भटका प्रकाश स्वतंत्रपणे तपासण्यासाठी विशिष्ट तरंगलांबीला जवळजवळ पूर्ण अपारदर्शक असणारी द्रावणे वापरतात. उदाहरणार्थ, सोडियम नायट्राइटचे ५० ग्रॅम/लिटर द्रावण ३४० नॅनोमीटरला व्यवहारतः प्रकाश जाऊ देत नाही. तेथे दिसणारी पारगम्यता म्हणजे भटका प्रकाश होय.

द्रावणात बदल होत असल्याची शंका असेल, तर वेगवेगळ्या संहतींचे संपूर्ण वर्णपट घेऊन प्रत्येकाला त्याच्या संहतीने भागतात. सर्व वक्र एकमेकांवर बसले, तर पदार्थ बदललेला नाही. शिखर सरकले किंवा दोन शिखरांचे गुणोत्तर बदलले, तर रासायनिक कारण सिद्ध होते.

## अहवालातील नोंद

अहवालात विचलनाचे स्पष्टीकरण देताना ते कोणत्या शोषकतेपासून सुरू झाले, शेषांचा आकार कसा होता आणि कोणत्या चाचणीने कारण ठरवले, या बाबी नोंदवल्या जातात. चाचणी केलेली नसेल, तर कारण संभाव्य म्हणूनच लिहितात. अंशांकनाची रेषा फक्त रेषीय टप्प्यातील बिंदूंवरून काढतात. वगळलेले बिंदू आलेखात दाखवून वगळण्याचे कारण देतात. वरील उदाहरणात ०.४ मिलिमोल/लिटरपर्यंतचे तीनच बिंदू घेतल्यास चढ २.३५ येतो आणि शून्य संहतीची शोषकता ०.००५ पर्यंत खाली येते. त्या टप्प्याबाहेरचा अज्ञात नमुना आलेख लांबवून वाचत नाहीत. तो ज्ञात प्रमाणात विरल करून पुन्हा मोजतात. मात्र मिथिलीन ब्लूसारख्या पदार्थात विरल केल्याने घटकांचे गुणोत्तरच बदलते, म्हणून तेथे प्रमाण द्रावणे आणि नमुना एकाच संहतीच्या टप्प्यात ठेवणे आवश्यक असते.