कागदावरचा नफा

वाचकहो, माझे एक नातेवाईक आहेत. वयाने माझ्याहून मोठे, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने काटकसरी. गेल्या दिवाळीत ते एक वही घेऊन माझ्याकडे आले. वहीत शेअरांचे मागल्या पंधरा वर्षांचे भाव मांडलेले, शेजारी लाल शाईने खुणा: इथे घेतला, इथे विकला. म्हणाले, "हा नियम पाळला असता ना, तर आज माझा बंगला झाला असता." शेवटी हळूच विचारले, "निवृत्तीचे पैसे यात घालू का?"

मागचे भाव घेऊन एखादा नियम त्यांवर चालवून पाहणे याला बाजारातली मंडळी बॅकटेस्टिंग म्हणतात. आता संगणकामुळे ते घटकाभराचे काम झाले आहे. पण या प्रकाराचा इतिहास मोठा बोधक आहे, आणि त्यातली एक हकीकत तर माझ्या नातेवाइकांच्या वहीशी इतकी जुळते की ती मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितली. तीच आपल्यालाही सांगतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सिडनी अलेक्झांडर नावाचे प्राध्यापक होते. १९६१ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला नियम शाळकरी मुलालाही समजावा इतका सोपा होता. भाव तळापासून पाच टक्के वर आला की घ्यायचे. मग तो जितका वर जाईल तितका जाऊ द्यायचा. शिखरापासून पाच टक्के खाली आला की विकायचे, आणि तेवढ्यावर न थांबता मंदीचा सौदाही करायचा. पुन्हा पाच टक्के वर आला की पुन्हा तेजीत. लहानसहान हेलकावे गाळून टाकायचे, म्हणून या पद्धतीला त्यांनी 'फिल्टर', म्हणजे गाळणी, असे नाव दिले. पाच टक्क्यांचीच नव्हे, लहानमोठ्या अनेक गाळण्या त्यांनी १८९७ पासून १९५९ पर्यंतच्या निर्देशांकांवर चालवून पाहिल्या. साठाहून अधिक वर्षांचे रोजचे भाव, आणि नफा असा घसघशीत की शेअर घेऊन नुसते स्वस्थ बसणारा माणूस त्यापुढे अगदीच बावळा दिसावा.

आता यात चूक कुठे होती? चूक इतकी बारीक होती की ती विद्वानांच्याही नजरेतून सुटली. अलेक्झांडरांच्या हिशेबात असे धरले होते की तळ १०० रुपये असेल तर आपली खरेदी बरोबर १०५ ला होते, आणि शिखर १३० असेल तर विक्री बरोबर १२३ रुपये ५० पैशांना. पण भाव काही जिन्याची एकेक पायरी चढत येत नाही. काल संध्याकाळी बंद भाव १०३ होता, आज १०९ झाला. १०५ हा आकडा वाटेत गळून गेला. नियमाने हाक दिली तेव्हा बाजारात १०९ च चालू होते. उतरतानाही तसेच: काल १२५, आज १२१. कागदावर या सौद्यात साडेअठरा रुपये मिळाले. माणसाच्या हातात पडले बारा.

हा झाला फायद्याचा सौदा. तोट्याचाही एक पाहू, कारण या नियमात तोट्याचे सौदे पुष्कळ असतात. पुन्हा तळ १००. कागद १०५ ला घेतो, आपल्याला १०६ ला मिळतो. भाव १०७ पर्यंत जाऊन धाप टाकतो आणि परततो. कागद १०१ रुपये ६५ पैशांना सुटतो, आपण १०१ ला. कागदाचे गेले ३ रुपये ३५ पैसे, आपले गेले पाच. दोन्ही सौदे मिळून कागदाचा नफा १५ रुपये १५ पैसे आणि आपला सात रुपये! बरे, चार वेळा दलाली द्यावी लागली. ती शेकडा अर्धा रुपया धरली तरी सव्वादोन रुपयांच्या आसपास जाते. उरले पावणेपाच रुपये. पंधराचे पावणेपाच झाले, आणि नियम तर आपण एका अक्षरानेही मोडला नाही.

हे बोट ठेवले बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने, १९६३ साली. कापसाच्या भावांचा अभ्यास करताना त्याच्या ध्यानात आले होते की भाव मोठ्या उड्या मारतात, आणि उडीच्या मधल्या भावाला कोणी कोणाला माल देत नाही. अलेक्झांडरांचा मोठेपणा असा की त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा सगळा हिशेब मांडला आणि १९६४ साली दुसरा निबंध लिहिला. पहिल्या निबंधातल्या दणदणीत नफ्यांच्या जागी आता अगदी किरकोळ नफे ठेवावे लागत आहेत, आणि खेळातली मजाच गेली, अशी कबुली त्यांनी त्यात मोकळेपणाने दिली आहे. अशी कबुली देणारे लेखक मला फार आवडतात; ते थोडे असतात.

१९६६ साली शिकागोच्या फामा आणि ब्लूम या दोघांनी उरलेसुरलेही झाडून काढले. डाऊ जोन्सच्या तीस कंपन्यांचे एकेक शेअर घेऊन त्यांनी अर्ध्या टक्क्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंतच्या गाळण्या लावल्या. मंदीचा सौदा केला असता लाभांश आपल्याला मिळत नाही, उलट आपल्याच खिशातून द्यावा लागतो, हेही हिशेबात धरले. सर्वांत बारीक, अर्ध्या टक्क्याची गाळणी दलाली सोडून किंचित सरस ठरली. पण ती दर काही दिवसांनी घे-वीक करायला लावते. दलाली धरली, आणि नफा जाऊन नुसते नुकसान राहिले.

इथपर्यंत सांगितल्यावर आमचे नातेवाईक म्हणाले, "पण मी पाच टक्के नाही घेतले. मी सात टक्के घेतले, आणि अकरा दिवस थांबायचे असा नियम केला." मी विचारले, सातच का? अकराच का? तर सहा, साडेसहा, नऊ, दहा असे सगळे करून पाहिले होते, आणि सात-अकराचा जोड सर्वांत चांगला आला!

वाचकहो, खरी मेख इथे आहे. एक हजार चोवीस माणसांना आपण नाणे उडवायला सांगितले, तर त्यांतल्या साधारण एकाला ओळीने दहा वेळा छाप पडेल. त्याच्या अंगी काही विद्या आहे असे आपण म्हणणार नाही. टक्क्यांच्या दहा निवडी, दिवसांच्या दहा निवडी आणि नुकसान तोडण्याच्या दहा निवडी असा मेळ घातला की हजार नियम होतात. त्यांतला सर्वोत्तम तो नाणेवालाच असू शकतो. ही शंका काही आजची नव्हे. आल्फ्रेड काउल्स नावाच्या गृहस्थाने १९३३ सालीच ती तपासली होती. बाजाराचे भाकीत करणाऱ्या २४ प्रकाशनांची कामगिरी त्याने मांडली, आणि तिच्याशेजारी पत्त्यांच्या गड्डीतून पाने ओढावीत तशी, आकडे घातलेली कार्डे ओढून केलेली खोटी भाकिते ठेवली. खऱ्या भविष्यवाल्यांतला पहिला नंबर या कार्डांतल्या पहिल्या नंबराहून काही खास वरचढ निघाला नाही.

एकाच माणसाच्या अंगावर माप घेऊन सदरा शिवला तर तो त्याला चपखल बसणारच. दुसऱ्याला तो काखेत आवळतो. भावांच्या बाबतीत यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात. ते ओळखायची एक साधी खूण मी वहीवरच करून दाखवली. सात-अकराच्या शेजारचे नियम पाहा म्हटले: सहा-अकरा, आठ-अकरा, सात-दहा, सात-बारा. नियमात काही तथ्य असेल तर शेजारीही थोडेफार कमावतील. इथे तर मधले घर तेवढे बंगला आणि चारी बाजूंना उकिरडा! दुसरा उपाय असा की पंधरांपैकी शेवटची पाच वर्षे झाकून ठेवावी, नियम पहिल्या दहांवर ठरवावा आणि झाकण एकदाच उघडावे. एकदाच, बरं का. आत पाहून नियमात फेरफार केला की ती पाच वर्षेही मापात आली. नातेवाइकांनी ती केव्हाच पाहिली होती, तेव्हा त्यांच्यापुरता हा उपाय संपलाच होता.

तिसरी गोष्ट वहीत दिसतच नव्हती, म्हणून ती सांगणे अवघड गेले. वहीत चाळीस कंपन्या होत्या. कोणत्या? आज ज्या मोठ्या आहेत त्या. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट, कोण तगणार ही, त्यांनी पहिल्या दिवशीच वापरली होती.

समजा, दहा कंपन्यांत प्रत्येकी शंभर रुपये घातले. दहा वर्षांत तीन बुडाल्या, सात उरल्या, आणि त्यांचा भाव १६० झाला. आजची यादी घेऊन मागे पाहणाऱ्याला सातच दिसतात, म्हणून तो म्हणतो शेकडा साठ नफा. प्रत्यक्षात हजाराचे अकराशे वीस झाले, शेकडा बाराच. आणि नियम जर 'भाव निम्म्यावर आला की घ्या' असा असेल तर घोटाळा आणखीच वाढतो. आजच्या यादीतली जी कंपनी एकदा निम्म्यावर आली होती ती बहुतेक सावरलेली असणार, नाहीतर ती यादीत राहिलीच नसती. निम्म्यावरून शून्यावर गेलेल्या वहीत आल्याच नाहीत. असा नियम वहीत हटकून यशस्वी दिसतो.

शिकागोतच फिशर आणि लोरी यांनी हे ओळखून, न्यूयॉर्कच्या बाजारातून नाव निघालेल्या कंपन्यांसकट १९२६ ते १९६० चा हिशेब मांडला आणि तो १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. लाभांश पुन्हा गुंतवून, कर न धरता, वर्षाला सुमारे नऊ टक्के आले. काम वर्षानुवर्षे चालले होते, कारण मेलेल्या कंपनीचे भाव शोधणे हे जिवंत कंपनीच्या भावांपेक्षा किती तरी कष्टाचे. आपल्याकडचेच पाहा. १९८६ साली मुंबईचा सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्या तीस नावांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्तान मोटर्स, बॉम्बे डाइंग, मुकंद ही होती. आजच्या तिसांत ती नाहीत. आजची यादी धरून १९८६ पासून हिशेब करणारा ती नावे वगळतो, आणि त्या वेळी कोणालाच माहीत नसलेले पुढचे विजेते आत घेतो.

म्हणून भावांची फाईल हाती आली की आधी मी तिच्यात ग्लोबल ट्रस्ट बँक शोधतो. ही बँक २००४ साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मग किंगफिशर एअरलाइन्स, जिची विमाने २०१२ साली थांबली. दोन्ही नावे नसतील तर ती फाईल वाचलेल्यांचीच आहे, पुढे बघायचे कारण नाही.

नातेवाइकांनी वही मिटली. थोडे हिरमुसले, पण रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला: गावच्या वाचनालयात पंधरा वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, त्यांतल्या बाजारभावाच्या पानावरून त्या वर्षीची सगळी नावे उतरवून घ्यायला बसलो आहे. पहिल्याच पानावर तेरा नावे अशी निघाली की आज ती कुठे गेली ते कोणालाच सांगता येईना.